तीन शिट्ट्या म्हणजे किती मिनिटं?

पाककृती कशी लिहावी यावर वाद सुरू झाला की त्यात दोनच पक्ष पडतात. एक म्हणतो, स्वयंपाक हा हाताच्या सवयीचा मामला आहे. आमच्या आजीने जन्मात वजनकाटा पाहिला नाही आणि तिच्या हातची चव आजही जिभेवर आहे. दुसरा म्हणतो, 'थोडंसं', 'अंदाजे', 'बेताचं' म्हणजे सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. ग्रॅममध्ये लिहा आणि विषय संपवा. पहिला दुसऱ्याला रुक्ष ठरवतो, दुसरा पहिल्याला आळशी. मला हे भांडणच चुकीच्या जागी चाललंय असं वाटतं. माप थोडं चुकलं तर आमटी पातळ होते, भात चिकट होतो आणि माणूस ते निमूटपणे खातो. पण काय कशाच्या आधी करायचं आणि एखादी गोष्ट कुठवर करत राहायची, हे कळलं नाही तर नवखा माणूस भर स्वयंपाकात अडकतो. पाककृती नव्याने लिहायची तर आधी क्रम आणि 'कुठवर' हे स्पष्ट करायला हवं. ग्रॅमचा नंबर त्यानंतर लागतो.

उदाहरण साधं घेऊ, चिंचगुळाच्या आमटीचं. ती बहुधा अशी लिहिलेली असते: 'तूरडाळ शिजवून घोटून घ्यावी. तेलाची फोडणी करून त्यात मिरची व कढीपत्ता घालावा. डाळ, चिंचेचा कोळ, गूळ, गोडा मसाला, मीठ व अंदाजे पाणी घालून चांगली उकळी आणावी. वरून कोथिंबीर व ओले खोबरे घालावे.' ज्याला आमटी येते त्याला एवढं पुरतं. खरं तर त्याला 'आज चिंचगुळाची कर' म्हटलं तरी चालतं. ज्याला येत नाही त्याने पहिल्या वाक्याचं काय करायचं? डाळ किती घ्यायची, आणि तो आकडा कच्च्या डाळीचा की शिजलेल्या? डाळ शिजून अडीच-तीन पट होते, तेव्हा हा प्रश्न वेडगळ नाही. थेट कुकरमध्ये घालायची की डब्यात? शिजली हे कशावरून ओळखायचं? 'चिंचेचा कोळ' तर त्या वाक्यात असा येतो, जणू फळीवरच्या बरणीत तयारच आहे. प्रत्यक्षात त्यामागे चिंच कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवणं, कोळणं आणि गाळणं आहे, आणि हे सगळं डाळ कुकरमध्ये असतानाच उरकायला हवं. पाककृतीत त्याचा पत्ता नाही. तेल तापलंय, मोहरी तडतडतेय, कढीपत्ता काळा पडायला लागलाय आणि चिंच अजून पिशवीत आहे, अशा अवस्थेत बिचाऱ्याला त्याचा शोध लागतो.

'भिजवलेले', 'घोटलेली', 'खोवलेले', 'भाजून सोललेले' अशी विशेषणं लावून साहित्याच्या यादीत कामं लपवायची आपली सवय जुनी आहे. यादी वाचणाऱ्याला त्या वस्तू दिसतात, त्या तयार करायला लागणारा वेळ दिसत नाही. मग वर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, 'वेळ: 20 मिनिटे'. कोणाची 20 मिनिटं? ज्याचा नारळ आधीच खोवलेला आहे त्याची.

नोकरीसाठी घर सोडलेल्या माझ्या एका भाच्याचा रात्री फोन आला. "मावशी, डाळ शिजतच नाहीये गं. दोनदा कुकर लावला." पाणी कमी पडलं असेल म्हणून विचारलं, तर म्हणाला, "पाणी भरपूर आहे. वर पिवळं पाणी आणि खाली डाळ जशीच्या तशी." कुकरमध्ये काय काय घातलंस विचारल्यावर उत्तर आलं, "सगळंच. डाळ, चिंच, गूळ, मसाला. यादीत ओळीने तसंच होतं ना." त्याच्या तर्कात मला तरी खोट काढता येईना. खिचडीत सगळं एकदम घालतात, पुलावात घालतात, मग आमटीत का नाही? डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन गरम पाण्यात सुटं झालं की डाळ मऊ होते. पाणी आंबट असेल तर ते नीट सुटं होत नाही. गुळात आंबटपणा थोडाच, पण कॅल्शियम असतं, आणि कॅल्शियम त्या पेक्टिनला उलट घट्ट करतं. बोअरवेलच्या जड पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो तो याच कारणाने. घरोघरच्या बायकांना पेक्टिन माहीत नव्हतं, पण 'आधी डाळ, मग आंबट' हे पक्कं माहीत होतं. इतकं पक्कं, की लिहायला बसल्यावर ते लिहावं असं कोणाला वाटलंच नाही. एका ओळीत काम झालं असतं: 'डाळ पूर्ण मऊ होईपर्यंत चिंच, आमसूल किंवा गूळ घालू नये, नाहीतर डाळ शिजत नाही.' यातला 'नाहीतर' महत्त्वाचा आहे. कारण समजलं की तोच माणूस उद्या टोमॅटो घालताना किंवा राजमा करताना तोच नियम आपला आपण लावतो.

आता शिट्ट्यांकडे येऊ. 1950 च्या दशकाअखेरीस आपल्याकडे प्रेशर कुकर तयार व्हायला लागले, आणि बघता बघता आपल्या स्वयंपाकघराने वेळेचं एक स्वतःचं एकक घडवलं. डाळीला तीन, छोल्यांना सहा, बटाट्यांना दोन. पण शिट्टी कशामुळे होते? आतला दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की वजन उचललं जातं आणि जादा वाफ बाहेर पडते. म्हणजे पहिली शिट्टी एक खरी बातमी देते: दाब पूर्ण भरला, आतलं तापमान 120 अंशांच्या आसपास पोचलं. त्यापुढच्या शिट्ट्या फक्त एवढंच सांगतात की खालची आच गरजेपेक्षा मोठी आहे. मोठ्या बर्नरवर, छोट्या कुकरला तीन शिट्ट्या पाच-सहा मिनिटांत होतील. मंद आचेवर, भरलेल्या पाच लिटरच्या कुकरला दुसरी शिट्टी यायलाच पंधरा मिनिटं लागतील. रबर जुनं झालं असेल तर वाफ कडेनेच जाईल आणि शिट्टी येणारच नाही. दोघांनीही 'तीन शिट्ट्या' ही सूचना इमानाने पाळली तरी एकाची डाळ कच्ची राहील आणि दुसऱ्याची लगदा होईल. यात अंदाजाचा पक्ष आणि आकड्यांचा पक्ष दोघेही सपशेल हरतात, कारण 'तीन' हा आकडाच आहे, आणि तरीही तो काही सांगत नाही.

या शिट्टीची बाजूही घ्यायला हवी. ज्या बाईला एका बाजूला पोळ्या लाटायच्या आहेत, दुसरीकडे मुलाचा डबा भरायचा आहे, तिला घड्याळाकडे बघत बसायला सवड नव्हती. शिट्टी तिला पाठमोरी असतानाही ऐकू येत होती. शिवाय कुकर तोच, शेगडी तीच, डबा तोच. त्या घरापुरतं 'तीन' हे माप अचूकच होतं. ते घराबाहेर पडलं आणि निकामी झालं. लिहिणाऱ्याने त्याऐवजी लिहायला हवं ते असं: पहिली शिट्टी होईपर्यंत आच मोठी, मग आच अगदी मंद करून घड्याळ लावून बारा मिनिटं, मग गॅस बंद करून वाफ आपोआप जिरेपर्यंत साधारण दहा मिनिटं. ही शेवटची दहा मिनिटंसुद्धा शिजण्याचीच असतात. घाईने वजन उचलून वाफ काढली तर डाळ तेवढी कमी शिजते, वर फेस उडून झाकण बरबटतं ते वेगळंच.

या विषयावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप असा की कच्चा माल कधी सारखा नसतो. नवा तांदूळ कमी पाणी पितो, जुना जास्त. दोन वर्षं डब्यात पडलेली डाळ हट्टी होते. एका गावची चिंच दुसरीच्या दुप्पट आंबट लागते. मग बारा मिनिटं आणि दहा ग्रॅम लिहून तुम्ही खोटी खात्रीच देताय की! आक्षेप बरोबर आहे. नुसता आकडा खरोखरच फसवतो, आणि आकड्यांच्या पक्षाने हे कबूल केलं पाहिजे. पण म्हणून आकडा काढून टाकायचा? आकड्यासोबत खूण लिहायची. 'बारा मिनिटं' ही सुरुवात, आणि 'डाळीचा दाणा दोन बोटांत दाबल्यावर लोण्यासारखा पसरतो, मध्ये कणी लागत नाही' हा निकाल. कणी लागली तर काय करायचं हेही तिथेच लिहायचं: अर्धी वाटी गरम पाणी घालून पुन्हा एक शिट्टी, पुन्हा पाच मिनिटं. आकडा नसेल तर नवख्याला आपण कुठे आहोत कळत नाही. खूण नसेल तर थांबायचं कधी ते कळत नाही. जुनी डाळ, जड पाणी, दुबळी शेगडी या सगळ्यांना ही खूण पुरून उरते. आजीसुद्धा निकालासाठी खुणेवरच विसंबायची. फरक इतकाच, की तिला ती खूण कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवली होती.

दुसरा आक्षेप मला जास्त जवळचा आहे: मोजून करणाऱ्याला कधी अंदाज येतच नाही, तो कायम चमच्याचा गुलाम राहतो. असे लोक मी पाहिलेत, नाकारत नाही. पण अंदाज येतो कसा? कालच्याइतकंच पाणी आज घातलं, फक्त डाळ दुसऱ्या दुकानची आणली आणि आमटी दाट झाली, तेव्हा डाळीबद्दल काहीतरी शिकायला मिळतं. काल पाणी वेगळं, आज डाळ वेगळी, उद्या भांडं वेगळं, आणि कशाचंच माप आठवत नाही, तर दहा वर्षं स्वयंपाक करूनही हाती काय लागणार? घरात शिकणाऱ्या मुलीला हे स्थैर्य आयतं मिळत होतं. ओंजळ आईची, भांडं तेच, शेजारी उभी राहून 'पुरे आता' म्हणणारं माणूस तेच. ते माणूस काढून घेतलं की त्याची जागा कागदाला भरून काढावी लागते.

आपल्याला हे नवं नाही. सूत्रं इतकी आटोपशीर लिहिली गेली ती समोर गुरू बसलेला असायचा म्हणून. पाठ करायला सोपं आणि उलगडायला माणूस हजर. पाणिनीच्या सूत्रांवर पतंजलीला महाभाष्य लिहावं लागलं, आणि भाष्य लांब आहे म्हणून सूत्राचा अपमान झाला असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. आपल्या पाककृती सूत्रं आहेत आणि 'आई, पुढे काय करू?' हा फोन म्हणजे भाष्य. ज्याला फोन करायला कोणी आहे त्याचं निभतं. ज्याची आई गेली, किंवा ज्याच्या घरी मुलग्यांना ओट्याजवळ येऊच दिलं नाही, त्याने काय करायचं?

इंग्लंड-अमेरिकेतही नेमकं असंच घडलं. तिथल्या जुन्या पुस्तकांत 'अक्रोडाएवढं लोणी' आणि 'चहाचा कप भरून पीठ' असंच चालायचं, आपल्या 'लिंबाएवढ्या चिंचे'सारखं. एलायझा ॲक्टनने 1845 मध्ये प्रत्येक कृतीच्या शेवटी साहित्य, मापं आणि वेळ वेगळी काढून द्यायला सुरुवात केली. 1861 मध्ये इझाबेला बीटनच्या पुस्तकात साहित्य कृतीच्या आधी आलं. आणि 1896 मध्ये बॉस्टनच्या पाकशाळेतल्या फॅनी फार्मरने सुरीने सपाट केलेल्या चमच्याचा आणि कपाचा आग्रह धरला. शाळेत शिकवायचं तर समोरच्या सगळ्यांच्या हातात एकच माप हवं, त्याशिवाय एकीचा केक आणि दुसरीचा केक ताडून कसा बघणार? आपल्याकडे बंगालचा शेर 80 तोळ्यांचा आणि मुंबईचा त्याच्या निम्म्याहूनही लहान, अशी गंमत होती; 1956 च्या कायद्याने ग्रॅम-किलो आले आणि ती मिटली. पण किलो बाजारात आला, ओट्यावर वाटीच राहिली. 1970 साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने मापं वाटी-चमच्यात दिली, आणि ते पुस्तक घरोघरी चाललं याचं एक कारण तेच असावं: वाटी प्रत्येक घरात असते. आज मात्र एका घरातली आमटीची वाटी 120 मिलीलिटरची असते, दुसऱ्याकडे 200 ची. प्रमाण सांगायला वाटी उत्तमच आहे. एक वाटी पिठाला एक वाटी पाणी म्हटलं की वाटी कोणतीही घ्या. पण 'एक वाटी डाळीला दोन चमचे मीठ' म्हटलं की वाटी कोणती आणि चमचा कोणता हे सांगणं भाग आहे. चमचा चहाचा, पोह्याचा की वाढायचा?

'चवीपुरतं मीठ' या शब्दांची जितकी थट्टा होते तितके ते वाईट नाहीत. आमटी उकळताना चाखता येते, म्हणून तिथे ते प्रामाणिक आहेत, फक्त सुरुवात कितीने करायची हे हवं. थालीपिठाचं पीठ भिजवताना कच्चं पीठ चाखून मिठाचा निकाल लावणं नवख्याला जमत नाही, लोणच्यात तर मीठ टिकण्यासाठी असतं. तिथे 'चवीपुरतं' लिहिणं म्हणजे अंग काढून घेणं.

एवढं बोलल्यावर ती चार वाक्यं मी कशी लिहीन हे दाखवणं माझ्याकडे लागू होतं. चौघांना भाताबरोबर पुरेल अशी: 100 ग्रॅम कच्ची तूरडाळ दोनतीनदा धुऊन कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. ते पाणी टाकून 300 मिलीलिटर नवं पाणी, अर्धा छोटा चमचा हळद आणि दोन चिमटी हिंग घालून डाळ डब्यात ठेवा. कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी असू द्या. पहिल्या शिट्टीपर्यंत मोठी आच, मग मंद आचेवर बारा मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्या. कुकर लावल्या लावल्या सुपारीएवढी, म्हणजे साधारण 10 ग्रॅम चिंच अर्धी वाटी कोमट पाण्यात टाका. पंधरा मिनिटांनी ती कोळून गाळा, आणि याच वेळात मिरच्या आणि कोथिंबीर चिरून, खोबरं खोवून, मसाला आणि एक मोठा चमचा चिरलेला गूळ बाजूला काढून ठेवा. कुकर उघडल्यावर दाणा दाबून बघा. पसरला तरच पुढे जा. डाळ घोटून तिच्यात 400 मिलीलिटर गरम पाणी मिसळा. हे सगळं हाताशी आल्याशिवाय फोडणीचं तेल तापवायचं नाही. एक मोठा चमचा तेल, अर्धा छोटा चमचा मोहरी; ती तडतडायची थांबत आली की आच मंद करून मिरच्या आणि आठ-दहा कढीपत्त्याची पानं, आणि लगेच डाळ. उकळी फुटली की कोळ, गूळ, दोन छोटे चमचे गोडा मसाला आणि एक सपाट छोटा चमचा मीठ. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं उकळा, कच्च्या चिंचेचा वास जाईपर्यंत. मग चाखा, मीठ-गूळ हवं तर वाढवा आणि गॅस बंद करून कोथिंबीर-खोबरं घाला.

लांबलचक झालं, हा आक्षेप मला मान्य आहे. एवढं वाचूनच कोणी बाहेरून जेवण मागवेल. पण हे पहिल्या दोन-तीन वेळांसाठी आहे. नंतर तोच माणूस आपल्या वहीत चार ओळींचं सूत्र लिहील, आणि ते त्याचं कमावलेलं असेल. 'घराघराची चव वेगळी, तुम्ही ती एका साच्यात घालताय' असं म्हणणाऱ्यांनी वरचा मजकूर जरा नीट बघावा. त्यात हलवता न येणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत: डाळ मऊ झाल्याशिवाय आंबट नाही, हाताशी सगळं आल्याशिवाय फोडणी नाही. गूळ किती, मसाला कोणाच्या घरचा, चिंच की आमसूल, शेवग्याच्या शेंगा घालायच्या का, हे सगळं मोकळं आहे. मूळच्या चार वाक्यांत मात्र अटळ काय आणि ऐच्छिक काय हे कळायला मार्गच नव्हता. गूळ आणि क्रम दोन्ही सारखेच पवित्र, किंवा सारखेच बिनमहत्त्वाचे.

लिहून झालं की ते ज्याला येत नाही त्याच्या हातात द्यावं, आपण स्टुलावर बसावं आणि तोंड उघडू नये. हे न उघडणं फार अवघड आहे. तो जिथे थांबतो, मागची ओळ पुन्हा वाचतो, आपल्याकडे बघतो, तिथे एक वाक्य कमी आहे असं समजावं. वरची कृती मी भाच्याला अशीच करायला लावली. कुकर, डाळ, कोळ सगळं बिनबोभाट पार पडलं. थांबला तो मोहरीशी. कढईत तेल, हातात मोहरीची वाटी, आणि तेल पुरेसं तापलं की नाही हे कळेना. ते वाक्य आता त्या जागी आहे: 'तेल मध्यम आचेवर मिनिट-दीड मिनिट तापवून मोहरीचा एकच दाणा टाका, तो लगेच तडतडला तर बाकीची मोहरी टाका, तळाशी गप्प बसला तर अर्धा मिनिट थांबा, आणि तेलातून धूर दिसला तर गॅस बंद करून कढई बाजूला घ्या.'